दहा महिन्यांच्या बाळाची केस स्टडी (सिव्हिअर डिहायड्रेशन): फ्लुइडचा हिशोब जुळत नाहीये, मदत हवी

सायली_नर्सिंग

नमस्कार सगळ्यांना, मी बीएस्सी नर्सिंग तिसऱ्या वर्षाला आहे, पीडियाट्रिकची पोस्टिंग चालू आहे आणि केस स्टडीसाठी मी सिव्हिअर डिहायड्रेशनचं बाळ घेतलंय. सोमवारी सबमिशन आणि लगेच व्हायवा. बाळ दहा महिन्यांचा मुलगा, तीन दिवस जुलाब, दिवसाला दहा-बारा वेळा पाण्यासारखी शी, आदल्या दिवसापासून उलट्या. आणलं तेव्हा सुस्त होतं, हाक मारली तर डोळे उघडायचं आणि परत मिटायचं, स्तनपान घेत नव्हतं, डोळे खोल गेलेले, टाळू खोल, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागे जात होती, दोन सेकंदांपेक्षा जास्त. नाडी १७२ आणि मनगटाला जेमतेम लागत होती, श्वास ५४, ताप १००.४, कॅपिलरी रिफिल ४ सेकंद, हातपाय गारसर. आदल्या रात्रीपासून लघवी नाही. वजन ७.२ किलो, अंगणवाडीच्या कार्डवर आजारी पडायच्या आधीचं वजन ८ किलो आहे.

आता प्रश्न असा की प्लॅन सी लावायचा हे कळतंय, रिंगर लॅक्टेट १०० मिली प्रति किलो म्हणजे ७२० मिली. मी हे सहा तासांत देणार असं लिहिलंय, आणि माझी रूममेट म्हणते की १०० मिली प्रति किलो हे चोवीस तासांचं असतं म्हणजे तासाला ३० मिली, तिच्या नोट्समध्ये तसंच आहे. दोघींचं उत्तर ७२० च येतंय त्यामुळे अजूनच गोंधळ झालाय. आणि दुसरं, केअर प्लॅनमध्ये नर्सने नक्की काय लिहायचं? मी लिहिलेलं सगळं डॉक्टरांच्या ऑर्डरसारखंच वाटतंय.

निखिल_जीएनएम

रूममेट बरोबर आहे. दहा किलोपर्यंत १०० मिली प्रति किलो प्रति दिवस, हा फॉर्म्युला आमच्याकडे पाठच करून घेतात. ७२० भागिले २४ म्हणजे ३० मिली तासाला, मायक्रो सेटवर मिनिटाला ३० थेंब. एवढ्या लहान बाळाला सहा तासांत ७२० मिली दिलं तर ओव्हरलोड होईल, फुप्फुसात पाणी जाईल, सांभाळून.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

निखिल, तू सांगतोयस तो फॉर्म्युला खरा आहे पण तो मेंटेनन्सचा आहे, म्हणजे ज्या बाळात पाण्याची तूट नाही पण तोंडाने काही घेता येत नाही, समजा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय, त्याला दिवसभरात किती लागेल त्याचा. सायलीच्या बाळात तूट आधीच पडलेली आहे. आठ किलोचं बाळ ७.२ वर आलं म्हणजे ८०० ग्रॅम गेले, आणि तीन दिवसांत गेलेलं हे वजन जवळजवळ सगळं पाणीच असतं, म्हणजे ८०० मिलीच्या आसपास, वजनाच्या दहा टक्के. प्लॅन सी मधले १०० मिली प्रति किलो ही तूट भरण्यासाठी आहेत. दोन्हीकडे शंभरच आकडा येतो म्हणून मुलं दरवर्षी इथेच अडकतात, आकडा एक असला तरी वेळ वेगळी आहे.

एक वर्षाच्या आतलं बाळ म्हणून पहिल्या तासात ३० मिली प्रति किलो, म्हणजे २१६ मिली, आणि पुढच्या पाच तासांत ७० मिली प्रति किलो, म्हणजे ५०४ मिली. आता निखिलच्या हिशोबाने काय होईल बघा, पहिल्या तासात २१६ च्या जागी ३० मिली जाणार आणि या वयाच्या बाळाच्या एका पातळ शीतच तेवढं किंवा त्याहून जास्त निघून जातं, म्हणजे सलाईन चालू असूनही बाळ अजून सुकत जाणार आणि नातेवाईकांना वाटणार की सलाईन लावलंय ना आता. व्हायवात हेच विचारतील. हिशोबाला आत्ताचं मोजलेलं वजन धरायचं, ७.२. कार्डवरचं वजन तूट किती ते दाखवायला वापर, खूप चांगलं आहे की ते तू मिळवलंस.

ओव्हरलोडची भीती चुकीची नाहीये, पण ती कुठल्या बाळात जास्त, ते बघावं लागतं. सायली, दंडाचा घेर मोजलास का? पायावर सूज? बाळ अतिकुपोषित असेल तर हा सगळा हिशोबच लागू होत नाही, तिथे शॉक नसेल तर शिरेतून सलाईन देतच नाहीत, तोंडाने किंवा नळीने हळूहळू देतात, शिवाय अशा बाळाची कातडी एरवीही सैल असते त्यामुळे चिमटीवरून फसायला होतं. मेळघाट किंवा नंदुरबारकडून आलेल्या बाळात आम्ही आधी तेच बघतो.

अजून एक, तू पोस्टमध्ये सुरुवातीला गावाचं नाव टाकलं होतंस, ते काढलंस बरं झालं. असाइनमेंटमध्येही नाव आणि केस पेपर नंबर नको, आद्याक्षरं चालतील.

सायली_नर्सिंग

मंगलताई खूप खूप धन्यवाद!! दंडाचा घेर १२.७ सेंमी, सूज नाही. म्हणजे प्लॅन सी चालेल ना?

वॉर्ड_सिस्टर_मंगल

हो, साडेअकरापेक्षा कमी असता तर मी थांबवलं असतं.

ओवीची_आई

माफ करा मध्येच विचारतेय, माझी मुलगी तीन वर्षांची आहे, कालपासून चार-पाच वेळा पातळ शी झाली, शेजारच्या काकू म्हणतात लगेच ॲडमिट करून सलाईन लावा नाहीतर असंच होतं. वर वाचून मी खूप घाबरलेय. तिला किती सलाईन लागेल? वजन १३ किलो आहे. आत्ता ती खेळतेय, पाणी मागतेय.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

ताई, वरची केस वेगळी आहे, ते बाळ सुस्त होतं आणि काही पीत नव्हतं. खेळणाऱ्या, स्वतः पाणी मागून पिणाऱ्या, लघवी होणाऱ्या मुलीला सलाईन लागत नाही. प्रत्येक पातळ शीनंतर तिच्या वयाला साधारण अर्धा ते एक कप ओआरएस, घोट घोट करून, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत हळूहळू सुरू करायचं. जेवण बंद करू नका, भात-वरण, दही, केळं जे खाते ते द्या. झिंकच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, चौदा दिवस देतात, डॉक्टरांना एकदा दाखवून सुरू करा. पॅकेटवर किती पाण्यात घालायचं ते वाचून तेवढ्याच पाण्यात सगळं पॅकेट एकदम घाला. आणि ती सुस्त वाटली, पीत नसेल, लघवी बऱ्याच तासांत झाली नसेल, डोळे खोल वाटले, शीत रक्त दिसलं, तर फोरमवर विचारत बसू नका, लगेच घेऊन जा.

ओवीची_आई

थँक्यू, आत्ताच अर्धा कप प्यायली. ग्लुकोज पावडर देत होते ती बंद करू का?

वॉर्ड_सिस्टर_मंगल

हो बंद करा. त्यात नुसती साखर असते, मीठ नसतं, आणि जास्त गोड पाण्याने जुलाब वाढूही शकतात.

आयसीयू_ब्रदर

मी अडल्ट आयसीयूला आहे पण आधी पीआयसीयूमध्ये काम केलंय. माझं मत थोडं वेगळं. हातपाय गार, कॅपिलरी रिफिल ४ सेकंद, नाडी क्षीण, हा शॉक आहे. आधी २० मिली प्रति किलोचा बोलस, म्हणजे १४४ मिली, जमेल तेवढ्या लवकर, सिरिंजने पुश करून, मग बाकीचा हिशोब. एक तास लावून ३० मिली प्रति किलो देणं मला हळू वाटतं. पण दुसऱ्या बाजूने २०११ ला आफ्रिकेत मोठा ट्रायल झाला होता, फीस्ट, त्यात बोलस दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू जास्त निघाले, त्यामुळे बोलस द्यायचा की नाही हाच प्रश्न आहे, सायलीने हे डिस्कशनमध्ये लिहावं.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

शॉकबद्दल तुमचं बरोबर आहे ब्रदर, ही लक्षणं शॉकचीच आहेत आणि असं बाळ आलं की मीही घड्याळ बघत थांबणार नाही, डॉक्टर असतील तर सिरिंजनेच सुरुवात होते. तो बोलस पहिल्या ३० मिलीत धरायचा की वेगळा, यात मी दोन्ही पद्धती पाहिल्यात. सायलीने तिच्या वॉर्डात प्रत्यक्ष जी ऑर्डर होती तीच लिहावी आणि दुसरी पद्धत असते असं एका ओळीत म्हणावं, दोन्ही पद्धतींची सरमिसळ करून तिसरी तयार करू नये.

पण फीस्ट इथे लागू होत नाही. तो ट्रायल युगांडा, केनिया आणि टांझानियामध्ये ताप येऊन गंभीर झालेल्या मुलांवर होता, मलेरिया वगैरे, आणि जुलाब-उलट्यांची मुलं त्यातून मुद्दाम वगळली होती. ज्याच्या अंगातलं पाणी खरोखर वाहून गेलंय त्याला पाणी देऊ नका, असं तो ट्रायल म्हणत नाही. व्हायवात हे नाव घेतलं तर पुढचा प्रश्न हाच येणार, म्हणून सायली, वगळलेल्या मुलांचं माहीत असेल तरच नाव घे.

आयसीयू_ब्रदर

वगळली होती हे लक्षात नव्हतं, बघतो. पण बोलस आधी यावर मी ठाम आहे.

लीड्सहून_केतकी

इकडे आम्ही आता १० मिली प्रति किलोचे छोटे बोलस देतो आणि प्रत्येक बोलसनंतर परत तपासतो, नाडी, रिफिल, यकृत वाढलंय का, छातीत आवाज आहेत का, मग पुढचा. पंप असतो, गॅस ॲनालायझर वॉर्डातच असतो, त्यामुळे जमतं. मी आधी सोलापूरला काम केलंय, तिथे एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असताना हे कसं करायचं हा खरा प्रश्न आहे. सायली तुमच्या वॉर्डात पंप होता का? नसेल तर तू तासाला २१६ मिली नक्की कसे सोडलेस ते लिही, मला वाटतं तुझ्या केसमधला नर्सिंगचा भाग तोच आहे.

सायली_नर्सिंग

पंप नव्हता ताई, एकच आहे तो दुसऱ्या बाळाला लावलेला. ब्युरेट सेट होता. मी थेंबांचा हिशोब केलाय, मायक्रो सेटवर तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब म्हणजे २१६ थेंब मिनिटाला, असं लिहिलंय. बरोबर आहे ना? गणित तर बरोबर आहे.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

गणित बरोबर आहे पण मिनिटाला २१६ थेंब म्हणजे सेकंदाला साडेतीन, ते कुणाला मोजता येणार? तिथे धार दिसते. ज्या मॅडम कधी वॉर्डात उभ्या राहिल्यात त्या हे वाचून लगेच विचारतील की तू मोजलेस का.

ब्युरेट असेल तर थेंब मोजूच नको, पातळी बघ. २१६ चे चार भाग कर, ५४ मिली. ब्युरेटमध्ये बाटलीतून ५४ मिली घ्यायचे, बाटलीकडची क्लिप बंद, आणि ते पंधरा मिनिटांत संपले पाहिजेत. संपले की नाडी बघ, रिफिल बघ, बाळ हाकेला कसं आहे बघ, लिही, परत ५४ भर. वरची क्लिप बंद असल्यामुळे काहीही झालं, मध्ये दुसऱ्या बेडला पळावं लागलं तरी बाळाच्या अंगात ५४ पेक्षा जास्त जाऊच शकत नाही. ५०० ची बाटली थेट लहान बाळाला जोडून रोलर सैल राहिला तर काय होतं ते मी पाहिलंय, सकाळी बाळाच्या पापण्या सुजलेल्या होत्या आणि श्वास वाढलेला. ब्युरेट नसेल आणि साधा सेट असेल, २० थेंबांना एक मिलीवाला, तर ७२ थेंब मिनिटाला येतात, ते मोजता येतात, पण सेटच्या पाकिटावर २० आहे की १५ ते वाचून घ्यायचं.

दुसऱ्या टप्प्याला ५०४ भागिले पाच, तासाला १०१, म्हणजे दर पंधरा मिनिटांना साधारण २५ मिली. हे तू केलेलं काम आहे, डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये यातलं काहीच नसतं, तिथे नुसतं सहा तासांत ७२० लिहिलेलं असतं. केअर प्लॅनमध्ये हे लिही.

आणि उलटंही बघायचं, ५४ मिली पंधरा मिनिटांत गेले नाहीत तर हात वाकलाय का, पट्टी घट्ट आहे का, सुईजवळ सूज आहे का. पिवळा चोवीस नंबरचा कॅन्युला बाळाने मनगट वाकवलं की अडतो, त्यामुळे हात फळीवर नीट बांधलेला हवा. तासाच्या शेवटी कागदावर २१६ आणि अंगात १२०, असं सर्रास होतं, आणि मग सगळे म्हणतात पेशंट रिस्पॉन्ड करत नाही.

सायली_नर्सिंग

हे तर कुठल्याच पुस्तकात नाहीये!! मी चार्ट परत पाहिला, पहिल्या तासाच्या शेवटी नाडी १४८, रिफिल ३ सेकंद, मनगटाला नीट लागत होती. साडेबाराला पहिल्यांदा लघवी झाली. दोनच्या सुमारास बाळ डोळे उघडून रडलं आणि वाटी-चमच्याने ओआरएस सुरू केलं. चार वाजता सहा तास झाले तेव्हा डोळे अजून थोडे खोल होते आणि बाळ अधाशासारखं पीत होतं, वजन ७.७.

मग मी नर्सिंग डायग्नोसिस असं लिहिलंय: जुलाब आणि उलट्यांमुळे शरीरातील द्रवाची कमतरता. गोल: बाळाचं हायड्रेशन सुधारेल. इव्हॅल्युएशन: गोल मेट.

लीड्सहून_केतकी

गोल मोजता येईल असा हवा गं. सुधारेल म्हणजे किती, कधीपर्यंत? तुझ्याकडे तर आकडे आहेत. एका तासात मनगटाची नाडी नीट लागेल आणि रिफिल दोन सेकंदांच्या आसपास येईल, सहा तासांत बाळ शुद्धीवर येऊन तोंडाने घेईल, लघवी तासाला निदान ७-८ मिली होईल, म्हणजे किलोमागे एक मिली. मग इव्हॅल्युएशनमध्ये प्रत्येकासमोर काय झालं ते लिही. आणि खरं सांगायचं तर तुझा गोल पूर्ण मेट नाहीये, एका तासाला रिफिल ३ होता, तो अंशतः मेट आहे. चार वाजताही डोळे खोल आणि तहान म्हणजे सिव्हिअरमधून सम डिहायड्रेशनवर आलं, आता प्लॅन बी, ७५ मिली प्रति किलो चार तासांत. ७.७ किलोला साधारण ५८० मिली ओआरएस, मधूनमधून आईचं दूध. बाळ सुधारलं म्हणून लगेच सलाईन काढून घरी, असं होत नाही हे दाखवायला तुझी केस छान आहे.

लघवी कशी मोजलीस?

सायली_नर्सिंग

लंगोट वजन करून. कोरड्या लंगोटाचं वजन वजा केलं. पण शी आणि लघवी एकत्र होती.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

मग तो आकडा लघवीचा नाही, एकूण बाहेर गेलेल्याचा आहे, तसंच लिही. मुलगा आहे तर युरिन बॅग चिकटवता येते, पण जुलाबाच्या बाळात ती सुटते आणि कातडी लाल होते. वेगळी मोजता आली नाही असं स्पष्ट लिहिलंस आणि लघवी झाल्याची वेळ लिहिलीस तरी पुरे, खोटा ८ मिली लिहू नको.

ओआरएस सुरू केलं तेव्हा किती दिलं? सलाईन चालू असतानाच तासाला ५ मिली प्रति किलो, म्हणजे ३६ मिली, आईला सांगताना दर पाच मिनिटांना एक छोटा चमचा, साधारण ३ मिली, असं सांगायचं. वाटीभर एकदम पाजलं की उलटी. आणि घरी ओआरएस देत होते का, हिस्ट्रीत काहीच नाहीये.

सायली_नर्सिंग

आईने सांगितलं होतं की मेडिकलमधून पॅकेट आणून एका ग्लासात घालून देत होते. ते मी हेल्थ एज्युकेशनमध्ये टाकणार होते.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

सायली हे हिस्ट्रीत वर घे, पहिल्या पानावर. पॅकेट कुठलं होतं? एक लिटरचं मोठं पॅकेट असतं आणि २०० मिलीचं छोटंही मिळतं. छोटं असेल तर ग्लासात घातलेलं बरोबर आहे, आईची चूक नाही. मोठं असेल तर पाचपट दाट झालं, लिटरला ७५ च्या जागी ३७५ सोडियम. मग बाळाच्या रक्तातलं सोडियम चढलेलं असू शकतं. सोडियमचा रिपोर्ट काय होता?

सायली_नर्सिंग

फाईलमध्ये १५३ आहे. मी नुसतं उतरवून घेतलं होतं. पॅकेट मोठं होतं म्हणाली पण एका दिवसात दोन-तीन चमचेच प्यायलं असंही म्हणाली.

आयसीयू_ब्रदर

१५३ म्हणजे हायपरनॅट्रेमिया. मग सहा तासांत सगळी तूट भरणं चुकीचं, ४८ तासांत हळू भरायची, सोडियम पटकन उतरलं तर मेंदूला सूज येऊन झटके येतात. दिवसाला दहा-बारापेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही.

वॉर्ड_सिस्टर_मंगल

शॉकमध्ये आलेल्या बाळाला आधी रक्ताभिसरण परत आणायलाच हवं, सोडियम कितीही असो, आणि रिपोर्ट हातात यायला आमच्याकडे दोन तास जातात. प्रश्न पुढच्या ५०४ मिलीचा आहे. आमच्या वॉर्डात एक डॉक्टर १५३ ला प्लॅन सी तसाच पुढे चालू ठेवतात आणि बाळ पिऊ लागलं की लवकर ओआरएसवर नेतात, दुसरे रिपोर्ट बघताच वेग कमी करतात. १६५ असता तर दोघांनीही कमी केला असता. मी नर्स म्हणून एवढंच करते की रिपोर्ट आल्याबरोबर कळवते, आणि बाळ चिडचिडं होतंय का, किंचाळल्यासारखं रडतंय का, झटका येतोय का हे लिहीत राहते.

लीड्सहून_केतकी

इकडे असतं तर पहिल्या बोलसनंतर वेग कमी करून दर चार-सहा तासांनी सोडियम परत बघितलं असतं. सायली, दुसरा रिपोर्ट पाठवला होता का?

सायली_नर्सिंग

फाईलमध्ये एकच आहे. उद्या वॉर्डात जाऊन इनचार्ज सिस्टरांना विचारते. आणि आईला पॅकेटचा रिकामा कागद आणायला सांगते, अजून ॲडमिटच आहेत, बाळ आता दूध पितंय.

प्राजक्ता_तिसरे_वर्ष

माझीही सेम केस आहे पण बाळ चौदा महिन्यांचं, ९ किलो. तासाला २७० मिली असं लिहू का?

वॉर्ड_सिस्टर_मंगल

नाही, एक वर्ष पूर्ण झालं की वेळ बदलते. २७० मिली अर्ध्या तासात आणि बाकीचे ६३० अडीच तासांत, म्हणजे तीन तासांनी परत तपासणी. आधी वयाची खात्री कर, आई सव्वा वर्ष म्हणते आणि कार्डवर अकरा महिने निघतात असं झालंय, जन्मतारीख बघ.

प्राजक्ता_तिसरे_वर्ष

कार्ड घरी राहिलंय म्हणतात. लसीकरणाच्या नोंदीवरून काढू का?